चोवीस हजारांचे बारा हजार कसे झाले?

२०२४ च्या जुलैमधला, रथयात्रेच्या आधीचा शुक्रवार. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतून घरी निघायची वेळ झाली होती आणि मी डिस्पॅच विभागातल्या माझ्या टेबलावर पावत्यांची शेवटची चळत लावत होते. तेवढ्यात बँकेचा मेसेज आला. पहिला पगार! मी मुद्दाम लगेच उघडला नाही. हात धुतले, डबा पिशवीत टाकला आणि मग निवांत वाचला. खात्यात १२,०३३ रुपये जमा झाले होते.

मी तो आकडा तीनदा वाचला. माझ्या ऑफर लेटरवर ठळक अक्षरांत वार्षिक २,८८,००० लिहिलं होतं. बाराने भागलं की महिना २४,०००. नोकरी लागल्यापासून आमच्या घरात हाच आकडा फिरत होता. मी दहा तारखेला रुजू झाले होते, म्हणजे पूर्ण महिन्याचा पगार येणार नाही हे मला कळत होतं. पण एकवीस दिवसांचे १६,८०० तरी? मधले पावणेपाच हजार कुठे गेले?

हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता. चोवीस हजारांच्या भरवशावर मी तीन गोष्टी करून बसले होते. स्कूटरचं कर्ज घेतलं होतं, त्याचा हप्ता ३,६०० रुपये. घरखर्चाला दर महिन्याला दहा हजार देईन, असं आईला सांगितलं होतं. आणि तिसरी गोष्ट मनाला जास्त लागलेली. रावपुऱ्यातल्या एका छोट्या ऑफिसने मला ‘हातात १९,०००’ देऊ केले होते आणि घरापासून पायी दहा मिनिटांवरची ती नोकरी मी चोवीस हजारांसाठी नाकारली होती.

घरी आल्यावर आईने देवापुढे ठेवायला आकडा विचारला. मी सांगितला. ती एवढंच म्हणाली, “आत्याकडे जाऊन ये.”

माझी आत्या दांडिया बाजारात राहते. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये तिची अख्खी नोकरी लोकांचे पगार काढण्यात गेली. मी ऑफर लेटर आणि ऑफिसने मेलवर पाठवलेली पगाराची स्लिप तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “दुसरं पान कुठे आहे?”

ऑफर लेटरला दुसरं पान होतं. ‘परिशिष्ट अ’ असं लिहिलेलं, बारीक अक्षरांतलं कोष्टक. मी सही त्याच पानावर केली होती. वाचलं मात्र पहिलंच पान होतं.

“हे बघ,” आत्या म्हणाली, “चोवीस हजार हा तुझा पगार नाहीच. तू कंपनीला महिन्याला केवढ्याला पडतेस, तो हा आकडा आहे. सीटीसी म्हणतात ते हेच. तिथपासून तुझ्या हातापर्यंत पायऱ्या आहेत. एकेक उतरू. प्रत्येक पायरीवर किती रुपये गेले आणि ते कोणाच्या नावाने गेले, एवढंच बघायचं.”

पहिली पायरी: चोवीसचे वीस

कोष्टकाच्या वरच्या भागात तीन ओळी होत्या. मूळ वेतन १२,५००, घरभाडे भत्ता ५,००० आणि विशेष भत्ता २,५००. बेरीज २०,०००. स्लिपवर ‘ग्रॉस’ म्हणून येतो तो हाच आकडा. पगार ज्याला म्हणायचं, तो इथून सुरू होतो.

खालच्या भागात चार ओळी होत्या आणि त्यांची बेरीज चार हजार होती. प्रॉव्हिडंट फंडात कंपनीचा वाटा १,५००, ईएसआयमध्ये कंपनीचा वाटा ६५०, ग्रॅच्युइटी ६०१ आणि वार्षिक बोनस, महिन्याच्या हिशेबाने १,२४९.

“हे चार हजार कंपनी खर्च करते हे खरं,” आत्या म्हणाली, “पण तुझ्या महिन्याच्या खात्यात ते कधीच येणार नाहीत. मात्र चारही ओळी एकसारख्या नाहीत. काही तुझ्याच आहेत, काही अजून व्हायच्या आहेत.”

बोनस दिवाळीला मिळणार होता, वर्षाचा एकदम, १४,९८८ रुपये. पहिल्या वर्षी तेही जेवढे महिने भरले तेवढ्याच प्रमाणात. ग्रॅच्युइटीचं गणित तिने कागदावर करून दाखवलं. वर्षाला पंधरा दिवसांचा मूळ पगार आणि महिना धरायचा सव्वीस दिवसांचा. १२,५०० ला १५ ने गुणून २६ ने भागलं की वर्षाचे ७,२११ रुपये येतात, महिन्याला ६०१. पण माझ्यासारख्या कायम नोकरीत ग्रॅच्युइटीचा हक्क पाच वर्षं सलग झाल्यावर मिळतो. चौथ्या वर्षी राजीनामा दिला तर या ओळीतलं काहीच हातात येत नाही. म्हणजे माझ्या चोवीस हजारांतले ६०१ रुपये मी पाच वर्षं टिकेन असं गृहीत धरून लिहिलेले होते.

पीएफची ओळ मात्र पहिल्या महिन्यापासून माझ्या नावावर होती. तिच्याकडे पुढे येते.

दुसरी पायरी: विसाचे अठरा हजार दीडशे

आता ग्रॉसमधून होणारी माझी कपात. पूर्ण महिन्याचा हिशेब असा:

ग्रॉस: २०,०००
पीएफ, मूळ वेतनाच्या १२ टक्के: १,५००
ईएसआय, ग्रॉसच्या ०.७५ टक्के: १५०
व्यवसाय कर: २००
हातात: १८,१५०

हा अठरा हजार दीडशेचा आकडा बघून माझा चेहरा पडला. रावपुऱ्याचे एकोणीस हजार डोळ्यांपुढे आले. आत्याच्या ते लक्षात आलं असावं, पण ती ओळीवरून हलली नाही.

पीएफचे माझे १,५०० जातात तेवढेच कंपनीही भरते. पण दोन्ही मिळून तीन हजार माझ्या पासबुकात शिल्लक म्हणून दिसत नाहीत. कंपनीच्या वाट्यातले मूळ वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे १,०४१ रुपये, पेन्शन योजनेत वळतात आणि त्यावर व्याज साठत नाही. ती पेन्शन मिळायला दहा वर्षांची नोकरी लागते. उरलेले ४५९ पीएफमध्ये येतात. माझे १,५०० आणि हे ४५९ मिळून दर महिन्याला १,९५९ रुपये माझ्या नावावर जमा होतात. २०२३-२४ या वर्षासाठी त्यावरचा व्याजदर ८.२५ टक्के होता.

ईएसआय म्हणजे कामगार विमा. ग्रॉस २१,००० पर्यंत असेल त्यांनाच तो लागू होतो. माझे दीडशे आणि कंपनीचे साडेसहाशे मिळून आठशे रुपये तिथे जातात. त्या बदल्यात विमा दवाखान्यात माझ्यावर उपचार होतात आणि माझ्यावर अवलंबून असलेल्या आईवरही. अवलंबून कोणाला म्हणायचं याला उत्पन्नाची मर्यादा आहे आणि आईचं नाव आपण फॉर्ममध्ये भरलेलं असावं लागतं. मी भरलं नव्हतं. तो रकाना मला बिनकामाचा वाटला होता.

व्यवसाय कराचे दोनशे ऐकून मला पुण्याची मामेबहीण आठवली. तिचा ग्रॉसही विसाच्या आसपासच, पण तिच्या स्लिपवर ही ओळच नसते. आत्या हसली. हा कर राज्याचा असतो, म्हणून राज्यागणिक बदलतो. २०२४ मध्ये महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांना तो माफ होता. आमच्या गुजरातेत १२,००० च्या वर पगार गेला की सरसकट २०० रुपये. हाच वीस हजारांचा पगार बेळगावात असता तर शून्य, कारण कर्नाटकात पंचवीस हजारांपासून पुढे कर लागत होता. हैदराबादेत १५० कापले असते आणि इंदुरात १२५. त्यामुळे दुसऱ्या गावच्या भावंडाच्या स्लिपशी आपली स्लिप ताडून बघताना एवढा फरक आधी बाजूला काढायचा.

आयकर माझ्या पगारावर काहीच नव्हता. त्या ओळीत शून्य होतं आणि ते बरोबर होतं.

तिसरी पायरी: महिना अर्धवट

“आता तुझा जून,” आत्या म्हणाली. जूनचे तीस दिवस. दहापासून तीसपर्यंत, दोन्ही धरून, एकवीस दिवस. सुट्ट्या आणि रविवार त्यातच आले. वीस हजारांना तीसने भागून एकवीसने गुणलं की १४,००० येतात.

मी घरी चोवीस हजारांना एकवीस दिवसांनी गुणून १६,८०० काढले होते. चूक तिथेच होती. दिवसांचा हिशेब ग्रॉसवर होतो, सीटीसीवर नाही.

चौदा हजारांतलं मूळ वेतन ८,७५०. त्याचा पीएफ १,०५०. ईएसआय १०५. या दोन्ही कपाती टक्क्यांच्या असल्याने पगाराबरोबर कमी झाल्या. व्यवसाय कर मात्र टक्क्यांत नसतो. पगार बारा हजारांच्या वर असल्यामुळे दोनशे ते दोनशेच. एकूण कपात १,३५५. चौदा हजारांतून वजा केले की १२,६४५.

आत्याने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्या मोबाइलवरचा मेसेज पुन्हा वाचला. बारा हजार तेहतीस.

“सहाशे बारा रुपये राहिले,” ती म्हणाली. “यांना नाव नाही.”

चौथी पायरी: बिननावाचे सहाशे बारा

खरं सांगायचं तर मी तिथेच थांबले असते. पावणेपाच हजारांचं कोडं चार हजारांहून जास्त सुटलं होतं. उरलेलं कुठल्या तरी नियमात बसत असेल, असं मी मनाशी म्हटलं. आत्या म्हणाली, “नियमात बसत असेल तर स्लिपवर ओळ असते. ओळ नसेल तर चूक असते. स्लिपच्या डोक्यावर दिवस लिहिलेले असतात, ते वाच.”

स्लिपच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे मी नजरसुद्धा टाकली नव्हती, तिथे ‘देय दिवस’ असं होतं आणि पुढे आकडा होता २०. एकवीस नव्हे, वीस.

मग सगळं जुळलं. वीस दिवसांचा ग्रॉस १३,३३३. मूळ वेतन ८,३३३, त्याचा पीएफ १,०००. ईएसआय १००. व्यवसाय कर २००. कपात १,३००. हातात १२,०३३. मशीनने गणित बरोबरच केलं होतं. त्याला दिलेला दिवसांचा आकडा चुकला होता.

पण कुठला दिवस गेला? मी एकही सुट्टी घेतली नव्हती. आत्याने विचारलं, “पहिल्या दिवशी अंगठा लावला होतास?” आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. दहा तारखेला माझा दिवस कागदपत्रं, फोटो आणि बँकेचा फॉर्म यांत गेला होता. अंगठ्याच्या मशीनवर माझी नोंद अकराला सकाळी झाली. त्याआधीच्या दिवसाला मशीनच्या लेखी मी तिथे नव्हतेच.

सोमवारी मी पगार बघणाऱ्या बेनकडे गेले. जाताना पोटात गोळा होता. महिनाभर जुनी पोरगी पहिल्याच पगारात भांडायला आली, असं वाटेल की काय! आत्याने एक गोष्ट बजावून सांगितली होती. ‘पगार कमी आला’ असं म्हणायचं नाही, कारण त्यावर सगळ्यांकडे उत्तर तयार असतं. आपल्याला हवी ती ओळ दाखवायची. म्हणून मी स्लिप पुढे केली आणि म्हटलं, “माझे देय दिवस वीस दिसतायत. मी दहाला रुजू झाले. रुजू झाल्याच्या पत्रावर दहाची सही आणि शिक्का आहे.”

बेननी संगणकावर माझी हजेरी उघडली आणि दोन सेकंदांत म्हणाल्या, “दस तारीखनो पंच नथी.” मी पत्राची प्रत पुढे केली. त्यांनी माझ्या साहेबांकडून एका कागदावर सही घ्यायला सांगितलं. आमच्याबरोबर त्याच दिवशी आणखी दोन मुलं रुजू झाली होती. त्यांचाही दिवस गेला होता आणि त्यांनी स्लिप उघडलीच नव्हती.

जुलैच्या स्लिपवर ‘थकबाकी’ म्हणून एक नवी ओळ आली, ६६७ रुपयांची. त्यावरची कपात जाऊन जवळपास तेच सहाशे बारा हातात पडले.

मग फसले का?

त्या शुक्रवारी निघताना मी आत्याला विचारलंच, “मग रावपुऱ्याची नोकरी घ्यायला हवी होती का? हातात एकोणीस मिळाले असते.”

तिने पटकन ‘नाही’ म्हटलं नाही. तिने विचारलं, “तिथे माणसं किती होती?” आठ. मग तिने समजावलं. पीएफ वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागू होतो आणि ईएसआय दहा माणसांपासून. आठ माणसांच्या त्या ऑफिसवर यातलं काहीच बंधनकारक नव्हतं. तिथले एकोणीस हजार म्हणजे एकोणीस हजारच, त्यामागे काही नाही. इथे हातात १८,१५० आहेत, पीएफमध्ये १,९५९ पडतात, म्हणजे महिन्याला २०,१०९ माझे झाले. शिवाय दिवाळीचा बोनस आणि विमा दवाखाना.

“म्हणून नोकरी वाईट नाही,” ती म्हणाली, “पण तू जुळवाजुळव चुकीची केलीस. एका हातात सीटीसी आणि दुसऱ्या हातात रोख धरून तुलना केलीस. आणि स्कूटरचा हप्ता पासबुकातून जात नाही. तो अठरा हजार दीडशेतूनच जाणार.”

हे मात्र खरं होतं. दहा हजार घरात आणि ३,६०० हप्ता गेल्यावर माझ्याकडे साडेचार हजार उरत होते, त्यात पेट्रोल आणि बाकी सगळं. आईला मी घरी येऊन स्पष्ट सांगितलं की दहाऐवजी आठ हजार देईन आणि दिवाळीच्या बोनसमधून भर घालीन. जूनच्या पगारातून तर पाचच देता आले. ती म्हणाली, “मला आकडा आधी कळला असता तर वाण्याची उधारी तेवढी वाढवली नसती.” रागाने नाही बोलली, पण मला ते लागलं. आकडा मी सांगितला होता आणि मी न वाचता सांगितला होता.

आता आमच्या मंडळातल्या कुणाही मुलामुलीला ऑफर लेटर आलं की मी एकच विचारते, “ग्रॉस किती आणि हातात किती?” हे कंपनीला विचारायला काहीच हरकत नसते. सही करण्याआधी मेलवर विचारलं तर बहुतेक ठिकाणी नमुन्याची स्लिप करून देतात. त्यात मूळ वेतनाची ओळ मी आधी बघते. ते फार कमी ठेवलं असेल तर हातात जास्त दिसतं, पण पीएफ आणि ग्रॅच्युइटी तेवढी बारीक होते. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत वेतनाची व्याख्या अशी आहे की भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. त्यामुळे माझ्या वेळचे आकडे जसेच्या तसे तुमच्या स्लिपला लावू नका. पायऱ्या मात्र त्याच राहतील.

आणखी एक सवय मला लागली आहे. स्लिपवर पीएफ कापल्याचं लिहिलं म्हणजे तो भरला असं होत नाही. कंपनीने तो पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचा असतो. त्यानंतर काही दिवसांनी मी पीएफचं पासबुक उघडते आणि माझे १,५०० व कंपनीचे ४५९ वेगवेगळ्या रकान्यांत आलेत का, ते बघते. पेन्शनचे १,०४१ तिसऱ्या रकान्यात दिसतात. एखादा महिना रिकामा दिसला तर विचारायचं, तेही ओळ दाखवूनच.

आईचं नाव विमा दवाखान्याच्या नोंदीत मी त्याच जुलैमध्ये घातलं. गेल्या वर्षी तिच्या डोळ्याची तपासणी तिथेच झाली. बाहेर पडताना तिने विचारलं, “याचे किती झाले?” मी म्हटलं, “महिन्याचे दीडशे, आधीच कापलेत.”